तिसरं आणि आठवं गणित

माझ्या मुलीला अकरावीच्या वार्षिक परीक्षेत भौतिकशास्त्राच्या लेखी पेपरात सत्तरपैकी एकोणीस गुण मिळाले. पास व्हायला तेवीस लागतात. बाकी सगळे विषय सुटले होते, प्रॅक्टिकलमध्येही चांगले गुण होते. चार गुणांसाठी शाळेने फेरपरीक्षेला बसवलं. फेरपरीक्षा बारा दिवसांनी होती. त्यात तेवीस आले तर बारावी, नाही आले तर अकरावी पुन्हा. मधला रस्ता नव्हता, हे शाळेच्या पत्रात दोन वेळा लिहिलं होतं, एकदा ठळक अक्षरात.

तिला शिकवायला एक मुलगी येत असे. मूळची मराठवाड्यातली, दिल्लीत मुनिरक्यात खोली घेऊन राहणारी, पीएच.डी. करणारी. आमच्या घरी द्वारकेला यायला तिला दोन मेट्रो बदलाव्या लागत, तरी ती आठवड्यातून दोनदा यायची. माझी मुलगी तिला ताई म्हणते, ती मला काका. पहिल्या सहामाहीत तिने शिकवलेलंच मुलीला येत होतं, एकोणीस गुण आले ते त्याच जोरावर. पण नेमक्या त्या बारा दिवसांत तिला प्रबंधाचं एक प्रकरण जमा करायचं होतं.

"काका, बारा दिवस मला खरंच नाही जमणार," ती फोनवर म्हणाली. "तिचं घर्षण पक्कं आहे. फक्त बलाचे घटक पाडताना ती घाबरते. तिला म्हणावं, आधी चित्र काढ, कोन कुठे आहे ते बघ, मग साइन-कॉस."

मी म्हटलं, काळजी करू नकोस, तेवढं मी घेतो.

ते मी सहज म्हटलं नव्हतं. बारावीला मला भौतिकशास्त्रात जिल्ह्याच्या गावी वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते. पुढे मी संख्याशास्त्राकडे वळलो आणि सरकारी नोकरीत दिल्लीला आलो. गेली चोवीस वर्षं मी आकडेवारी गोळा करणाऱ्या एका कार्यालयात आहे. देशभरातून भरलेले तक्ते येतात, ते बरोबर आहेत की नाहीत हे आमचा विभाग बघतो. साइन आणि कॉस म्हणजे माझ्या दृष्टीने काही परका प्रांत नव्हता.

बारा दिवस मी ऑफिसातून साडेसहाला घरी येत होतो. सात ते साडेआठ जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघं. बायको कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या कार्यालयात काम करते, ती माझ्यानंतर अर्ध्या तासाने यायची, पर्स खुर्चीवर ठेवायची आणि आमच्याकडे न बघता स्वयंपाकघरात जायची. नंतर तिने सांगितलं की तिला बघायची भीती वाटत होती.

पहिल्या संध्याकाळी मी दोरीने ओढलेल्या पेटीपासून सुरुवात केली. जमिनीवर पेटी आहे, दोरी जमिनीशी काही कोन करून तिरपी वर ओढली आहे. त्या ओढीचे दोन घटक. जमिनीच्या बाजूने जातो तो कॉस, जमिनीला काटकोनात वर जातो तो साइन. हे बरोबर आहे, आजही बरोबर आहे. मुलीने पाच गणितं केली, पाचही आली. तिचा चेहरा जरा उजळला.

मग मी एक गोष्ट केली. वहीच्या वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं: पृष्ठभागाच्या बाजूने कॉस, पृष्ठभागाला काटकोनात साइन. त्याला चौकट केली.

"एवढं पाठ कर," मी म्हटलं. "जमीन असो की उतार असो."

"पण बाबा, ताई म्हणायची उतारावर आधी चित्र काढायचं. अँगल शोधायचा. ती एक छोटा ट्रँगल काढायची, इथे खाली."

"चित्रात वेळ जातो. तुझा पेपर वेळेअभावीच राहिला ना?"

"हो, बट…"

"नियम एक असला की गोंधळ होत नाही. तू त्रिकोण काढत बसतेस, मग कोन इकडचा की तिकडचा, मग घाबरतेस. पृष्ठभाग बघायचा आणि लिहायचं."

"शुअर ना?"

"बिल्कुल," मी म्हटलं.

तिने चौकटीकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्या क्षणी तिचा तो छोटा त्रिकोण मी बघायला मागितला असता, तर पुढचं काही घडलं नसतं. मी मागितला नाही.

उताराचं गणित ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वस्तू उतारावर ठेवली की तिचं वजन सरळ खाली ओढतं. त्याचे दोन भाग करायचे. एक उताराच्या बाजूने खाली जाणारा, जो वस्तूला घसरवतो. दुसरा उतारात रुतणारा, जो वस्तूला पृष्ठभागावर दाबून धरतो. उताराचा कोन दिलेला असतो, पण तो उतार आणि जमीन यांच्यामधला. वजन तर जमिनीकडे सरळ खाली जातं. म्हणून तोच कोन वजन आणि उताराला काटकोनात असलेली रेघ यांच्यामध्ये येतो. ताईचा छोटा त्रिकोण तेच दाखवायचा. परिणाम असा की रुतणारा भाग कॉस आणि घसरवणारा भाग साइन. माझ्या चौकटीत होतं त्याच्या नेमकं उलट.

मला हे एके काळी येत होतं. परीक्षेत मी अशी गणितं सोडवली असणारच. तीस वर्षांत ते कुठे गेलं मला सांगता येत नाही. जमिनीवरचा नियम तेवढा राहिला आणि तोच सगळीकडे लावायचा असं मला पक्कं वाटलं.

आता तपासण्याबद्दल. आमच्या ऑफिसात शंभर तक्ते आले तर शंभर कोणी तपासत नाही. एक आकडा चिठ्ठीने काढायचा, तिथून ठरावीक अंतराने पुढचे घ्यायचे. तीन निघाला आणि अंतर पाच असलं तर तिसरा, आठवा, तेरावा, असे. ते बरोबर निघाले की गठ्ठा पुढे जातो. ही पद्धत चांगली आहे, मी तिच्या बाजूने अनेकदा भांडलो आहे. पुस्तकात त्या धड्याखाली दहा गणितं होती. पहिली पाच जमिनीवरची, पुढची पाच गुळगुळीत उतारावरची. मागे उत्तरं होती, ती पानं मुलीने बघू नयेत म्हणून मी स्टेपलरने चारी बाजूंनी बंद करून टाकली होती.

तिने दहाही सोडवली. गुणाकार-भागाकार मी दहाही गणितांतले तपासले, एकही चूक नव्हती. मग पुस्तकातल्या उत्तरांशी ताडायला मी चिठ्ठी न काढताच तीन धरला. तिसरं आणि आठवं. स्टेपलची एक पिन उचकटून पान वाकवलं आणि डोकावलो. तिसरं जमिनीवरचं होतं, बरोबर. आठवं उतारावरचं, तेही बरोबर, दशांशापर्यंत.

"दोन्ही टॅली," मी म्हटलं.

"बाकीचे?"

"बाकीचे बरोबर असणार."

"बाबा, तू ऑफिसमध्ये पण असंच करतोस?" ती हसत म्हणाली. "मग देशाचं काय होतं?"

"देश व्यवस्थित चालला आहे," मी म्हटलं, आणि आतून बायकोचं हसणं ऐकू आलं. त्या पंधरवड्यातलं ते पहिलं हसणं.

आठव्या गणितात उताराचा कोन पंचेचाळीस अंशांचा होता. पंचेचाळीसला साइन आणि कॉस सारखेच असतात. उलटसुलट काहीही लिहा, उत्तर तेच येतं.

फेरपरीक्षा सकाळी दहाला होती. मी रजा टाकली होती. मुलीला आत सोडलं तेव्हा ती म्हणाली, "तू घरी जा ना यार, इथे उभा राहिलास की मला आतून टेन्शन येतं." मी जातो म्हटलं आणि गेलो नाही. फाटकासमोर कडुनिंबाखाली एक सिमेंटचा कट्टा आहे, तिथे बसलो. आणखी एक बाई तिच्या मुलासाठी थांबल्या होत्या, त्यांच्या मुलाचा विषय गणित होता. त्या माळ जपत होत्या.

शाळेच्या मुख्य इमारतीला दोन पायऱ्या आहेत आणि शेजारी चाकाच्या खुर्चीसाठी एक उतार. फाटकाच्या गजांतून तो समोरच दिसतो. सव्वादहाला एक कर्मचारी हातगाडीवर पाण्याचे जार घेऊन आला. वीस लिटरचे पाच जार, म्हणजे शंभर किलो. गाडी त्याने उतारावर घातली आणि वर ढकलत नेली. एका हाताने. दुसऱ्या हातात मोबाइल होता आणि तो त्यावर कोणाशी तरी लग्नाच्या जेवणाबद्दल बोलत होता.

मला आकडे मोजायची सवय आहे, रिकामा बसलो की होतेच. उतारावर फूटभर लांबीच्या फरश्या होत्या, मी मोजल्या, बारा. शेजारच्या दोन पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, म्हणजे चढ एक फूट. बारा फुटांत एक फूट. कोन पाच अंशांहून किंचित कमी. त्याचा कॉस जवळजवळ एक. पृष्ठभागाच्या बाजूने कॉस, म्हणजे शंभर किलोतले जवळपास शंभर किलो गाडीला मागे ओढत असणार.

आणि तो माणूस एका हाताने ढकलत होता.

मी पुन्हा मोजलं. फरश्या बाराच होत्या. मग साइन घेऊन पाहिलं, एक भागिले बारा. शंभर किलोचे आठ किलो आणि थोडं वर. आठ किलो कोणीही एका हाताने ढकलतो.

घड्याळ पाहिलं तेव्हा दहा पंचवीस झाले होते.

मी मुनिरक्याला फोन लावला. ताईने लगेच उचलला, आवाज झोपेतला होता, रात्रभर लिहीत होती बहुतेक.

"काका? पेपर आज ना?"

"चालू आहे. मला एक सांग. उतारावर घसरवणारा घटक साइन की कॉस?"

"साइन. का?"

"नक्की?"

"काका, कोन शून्य करून बघा. उतार सपाट झाला. आता वस्तू घसरेल का?"

"नाही."

"म्हणजे घसरवणारा घटक शून्य यायला पाहिजे. शून्य अंशाला शून्य कोण होतं?"

"साइन."

"झालं मग." आणि तिने विचारलं, "काका, तुम्ही तिला काय सांगितलंय?"

मी सांगितलं. तिच्या मागे कुठेतरी पाण्याची मोटर चालू होती.

"तिला त्रिकोण माहितीये," ताई शेवटी म्हणाली. "ती करेल बरोबर. माझं ऐकेल ती."

"ती माझं ऐकते," मी म्हटलं.

मी फाटकाशी गेलो. पहारेकरी ओळखीचा होता, रोज नमस्कार करणारा.

"अंदर एक बात पहुँचानी है. बेटी को."

"सर, पेपर चल रहा है. अंदर कोई बात नहीं जाती."

"दो मिनट."

"तबीयत की बात है क्या? दवाई वगैरह? दवाई हो तो मैं मैडम को बुला देता हूँ."

तो हे मदतीसाठी म्हणाला. माझ्या खिशात पेन होतं. पाकिटात डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी होती, ती कागदात गुंडाळता आली असती आणि कागदाच्या आतल्या बाजूला दोन शब्द लिहिता आले असते. उतारावर साइन. एवढेच. मी पट्टी हातात धरलीसुद्धा. कट्ट्यावरच्या बाई जप थांबवून माझ्याकडे बघत होत्या.

"नहीं," मी म्हटलं. "तबीयत ठीक है."

"तो फिर बैठ जाइए सर. एक बजे छूटेगी."

मी बसलो. एक वाजायला अजून अडीच तास होते. चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून लाल खुणा करणाऱ्या माणसाला स्वतःची चूक सापडली होती, अगदी वेळेवर सापडली होती, आणि तिचं काही करता येत नव्हतं. मधली भिंत काही फार जाड नव्हती. तळमजल्यावरच्या खिडक्या उघड्या होत्या, पंख्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

मी पिशवीतून पुस्तक आणि मुलीची वही काढली, पुस्तकाच्या सगळ्या पिना उचकटल्या. सहाव्यापासून दहाव्यापर्यंतची पाचही उत्तरं ताडली. आठवं सोडून चारही चुकलेली. कोन होते तीस, सदतीस, पंचेचाळीस, त्रेपन्न आणि साठ. मुलीची उत्तरं, म्हणजे घसरण्याचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ती, अशी होती: ८.६६, ८, ७.०७, ६ आणि ५. उतार जसजसा उभा होत गेला, तसतशी वस्तू सावकाश घसरत गेली होती. हे आकडे कोणी एका तक्त्यात ओळीने मांडून माझ्या टेबलावर ठेवले असते, तर पाच सेकंदांत मी तक्ता परत पाठवला असता. पण ते वहीच्या पाच वेगवेगळ्या पानांवर होते, आणि मी प्रत्येक पानावर फक्त गुणाकार बघितला होता.

साडेअकराला बायकोचा फोन आला. "कुठे आहात? घरी गेलात ना?"

"नाही."

"तिने जा म्हटलं होतं ना तुम्हाला? अहो, उन्हात काय बसलात?"

"सावली आहे. ऐक, मी तिला चुकीचं शिकवलंय."

मी सगळं सांगितलं. तिला साइन-कॉसमधलं काही कळत नाही, तिने कला शाखेतून पदवी घेतली आहे, पण तिने एकच प्रश्न विचारला: "तो प्रश्न येईलच असं आहे का?"

"पाच गुणांचा एक तरी येतोच."

"मग आता देवावर सोडा," ती म्हणाली, आणि मग स्वतःच, "तुम्ही तर सोडणार नाही. पाणी तरी प्या."

मुलगी एक वाजून पाच मिनिटांनी बाहेर आली. हसत होती. मी तिथेच आहे हे बघून रागावलीसुद्धा नाही.

"बाबा, चांगला गेला. खरंच. आणि स्लोपवालं आलं, पाच मार्कांचं. पाच किलोचा ब्लॉक, थर्टी डिग्री, फ्रिक्शन पॉइंट टू."

"काय केलंस?"

"आधी ना मी ताईसारखं केलं, सवयीने. ट्रँगल वगैरे. पूर्ण केलं, मग आठवलं की तू म्हणालास चौकट. तर ते कट केलं आणि परत केलं. वेळ होता. आन्सर सेव्हन पॉइंट सिक्स सिक्स." तिने माझ्याकडे बघितलं. "बरोबर ना?"

समोर छोले-कुलच्याची गाडी होती. तिला भूक लागली होती. मी म्हटलं, "आधी खाऊन घे." तिने दोन प्लेटी मागवल्या, माझी तिनेच संपवली. ई-रिक्षात ती मैत्रिणींना आवाजी निरोप पाठवत होती, बारावीला कोणाच्या शेजारी बसायचं ते ठरवत होती. मी सेक्टरची वळणं मोजत बसलो.

घरी तिने बूट काढायच्या आत मी सांगितलं. टेबलावर कागद घेतला, तिचं गणित दोन्ही पद्धतींनी मांडलं. वजन पन्नास न्यूटन. घसरवणारा भाग पंचवीस, दाबणारा ४३.३, घर्षण ८.६६, उरले सोळा आणि थोडे, पाचाने भागले की ३.२७.

तिने कागद पाहिला. "अच्छा," ती म्हणाली. "थ्री पॉइंट टू सेव्हन. माझं पहिलं तेच होतं."

"हो."

"मी कट केलं."

"हो. माझ्यामुळे."

ती एक बूट हातात घेऊन उभी होती. रडेल असं मला वाटलं, ओरडेल असंही वाटलं. तिने विचारलं, "तू इतका शुअर कसा होतास?"

सांगायचं म्हणजे आठवं गणित सांगावं लागलं असतं, आणि ते त्या क्षणी मला माझ्या बचावासारखं वाटलं. ती खोलीत गेली. दार आपटलं नाही, नेहमीसारखं लावलं. दुसरा बूट दाराशी तसाच पडला होता.

चार दिवसांनी शाळेत बोलावलं. शिक्षिकेने उत्तरपत्रिका आमच्यासमोर ठेवली. सत्तरपैकी एकवीस. मी पानं उलटत त्या प्रश्नावर आलो. आकृतीला एक गुण, घर्षणाच्या सूत्राला एक, पाचपैकी दोन. त्याच्या वर मुलीचं पहिलं उत्तर होतं, छोटा त्रिकोण, कोन नीट दाखवलेला, खाली ३.२७. त्यावर पट्टीने ओढलेली तिरपी रेघ. माझ्या मुलीला खाडाखोड आवडत नाही, ती कधीही काहीही पट्टी ठेवूनच खोडते. हे तिने माझ्याकडून घेतलं आहे.

एकवीस आणि तीन, चोवीस. पास व्हायला तेवीस.

शिक्षिका मुलीला म्हणाली, "बेटा, पहले वाला बिल्कुल सही था. काटा क्यों?"

मुलगी खाली बघत उभी राहिली. ती सांगेल याची वाट पाहण्याचा मला अधिकार नव्हता.

"मैंने सिखाया था," मी म्हटलं. "ग़लत. जो दूसरा लिखा है, वो मेरा है."

शिक्षिकेने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. वयाने माझ्याएवढीच असेल. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्याने मला बरं वाटलं नाही. "सर, दो जवाब हों तो जो काटा नहीं है, वही जँचता है. काटे हुए पर मैं नंबर नहीं दे सकती. दे पाती तो दे देती."

"जी. नहीं देना चाहिए," मी म्हटलं.

हे शब्द तोंडातून गेले आणि मुलीने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी दुसरं काय म्हणणार होतो? माझ्या विभागात नव्याने आलेल्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो की खोडलेला आकडा हा आकडा नसतो, तो कितीही बरोबर असला तरी. मी विनवणी केली असती तर शिक्षिकेने ऐकली नसती, हे मला माहीत आहे. पण मी केली नाही, हेही मुलीला माहीत आहे. बायकोला मी हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "तेवढं तरी गिळायचं होतं." तिचं बरोबर होतं.

अकरावी पुन्हा. विषय बदलायची मुभा होती. मुख्याध्यापिकेने कला शाखेचं सुचवलं, बायकोलाही ते पटत होतं. मुलगी म्हणाली, "नाही. सायन्सच." का, ते तिने सांगितलं नाही. तिच्या मैत्रिणी वरच्या मजल्यावर बारावीच्या वर्गात गेल्या. सुरुवातीला मधल्या सुट्टीत त्या खाली यायच्या, मग कमी झालं. एकदा ती म्हणाली की नव्या वर्गातली मुलं तिला दीदी म्हणतात, चिडवायला. "इतकं वाईट नाही," असंही म्हणाली.

ताईचं प्रकरण जमा झालं, ती पुन्हा येऊ लागली. ती आली की मी उठून बाल्कनीत जातो. काकांना चहा द्या म्हणून ती आतून सांगते, तेवढंच.

पावसाळ्याच्या शेवटी तो धडा परत आला. एका रविवारी दुपारी मुलगी टेबलावर गणितं करत होती, तेच पुस्तक, भोकं पडलेली मागची पानं मोकळी. मी पेपर वाचत असल्यासारखा बसलो होतो. ती एकेक त्रिकोण काढत होती, प्रत्येक गणिताला नवा, पट्टी ठेवून. दहा झाली तेव्हा तिने वही माझ्याकडे सरकवली.

पाच महिन्यांत पहिल्यांदाच. मी चष्मा शोधला. "किती बघू?"

"सगळी."

मी वही ओढून घेतली.

"आठवं सोड," ती म्हणाली. "ते कसंही बरोबरच येतं."

मी मान वर केली. ती पेन्सिलीला टोक करत होती, माझ्याकडे बघत नव्हती. तिला हे ताईने सांगितलं की तिने स्वतः शोधलं, मला माहीत नाही. मी पहिल्या गणितापासून सुरुवात केली.